फुटलेली गादी शरीर कशी विरघळवतं

"मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय, नस दबलीय," असं सांगत माणसं एमआरआयचा लिफाफा पुढे करतात. खरं तर दोन मणक्यांमधली ही गादी सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिच्या भोवती चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. कड्याला मागून चीर पडली की गर बाहेर येतो, आणि नेमकी तिथूनच पायाची नस जात असते.

समजा, चाळिशीतल्या एकाने वाकून पाण्याचा पिंप उचलला आणि कंबरेत उसण भरली. दोन दिवसांनी कंबर हलकी झाली, पण कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत उतरली. शिंक आली तरी पायात वीज चमकते. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलला की चाळीसेक अंशांवरच तो ओरडतो. पायाची करंगळीकडची कड बधिर आहे आणि एका पायावर चवड्यावर उभं राहायला सांगितलं तर डावी टाच उचलत नाही. एवढ्यावरून कळतं की कंबरेच्या अगदी तळातली गादी फुटली असावी. अंगठा वर उचलायला जड जात असता, तर संशय तिच्या वरच्या गादीवर गेला असता.

ही कळ नुसत्या दाबाची नसते. गादीच्या गरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे आपल्या रोगप्रतिकारक पेशींची आणि त्याची फारशी ओळखच नसते. बाहेर आलेला गर त्यांना परका वाटतो. त्या तुटून पडतात, दाह होतो, नस सुजते. रुग्णाला छळणारा हा दाहच पुढे त्याच्या कामी येतो. गराभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यातून भक्षक पेशी येतात आणि गर खाऊन टाकतात. म्हणून रिपोर्टमधला मोठा, पूर्ण तुटलेला तुकडा पाहून लोक हादरतात, पण विरघळण्याची शक्यता त्याचीच जास्त. नुसती फुगलेली गादी कड्याच्या आतच राहते, ती तितकी आक्रसत नाही.

नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या 283 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. काहींचं ऑपरेशन लवकर केलं, बाकीच्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के बरे होते. मात्र थांबवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना त्या वर्षात ऑपरेशन करावंच लागलं, हेही सांगायला हवं. कळ सोसवेना म्हणून ऑपरेशन निवडणं यात काही चूक नाही.

आपल्या रुग्णाने अंथरूण धरू नये. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं घेऊन जमेल तेवढं चालावं. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकू लागली, तर कंबर दुखत असली तरी ती सुधारणाच समजावी.

पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, तर गादीने नसांचा अख्खा जुडगा दाबलेला असू शकतो. तिथे विरघळण्याची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. पाऊल लुळं पडत चाललं असेल तरी थांबू नये.