बाळाची बाटली: काच, पॉलिप्रॉपिलीन, सिलिकॉन आणि मधला गरम पाण्याचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समध्ये बाळाला दूध पाजायची एक काचेची बाटली घरोघर होती. तिच्या बुचातून लांब रबरी नळी निघायची आणि नळीच्या टोकाला चोखणी असायची. बाटली शेजारी ठेवली की बाळ एकटे पडून दूध ओढत राही, म्हणून ती लोकप्रिय झाली. त्या नळीत मात्र ब्रश जात नसे. आत साचलेल्या दुधात जंतू वाढत आणि बाळे जुलाबाने दगावत. फ्रान्सने 1910 मध्ये कायद्याने अशा नळीच्या बाटल्यांवर बंदी आणली. बाटलीचा प्रत्येक कोपरा घासता आणि उकळता आला पाहिजे, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. आपल्याकडचे चोचीचे चांदीचे बोंडले या बाबतीत आधीपासूनच सरस होते, कारण ते उघडे असते, त्यात लपायला जागा नसते. नवजात शिशू विभागांत आजही बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले पसंत करतात, ते याच कारणाने.

उकळायचे ठरले की काचेची अडचण समोर येते. साधी काच तापली की बऱ्यापैकी प्रसरण पावते. गरम बाटली गार पाण्यात घातली की बाहेरचा थर लगेच आकसू पाहतो, पण आतला थर अजून ताणलेलाच असतो. त्या ओढाताणीत काचेवरचा एखादा बारीक ओरखडा उघडतो आणि बाटली तडकते. जर्मनीत ओट्टो शॉट यांनी 1880 च्या दशकात बोरोसिलिकेट काच विकसित केली. तिचे प्रसरण साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश आहे. अमेरिकेत 1915 मध्ये अशा काचेची भांडी पायरेक्स नावाने बाजारात आली आणि पुढे बाळाच्या बाटल्याही. आज दुकानात ‘काचेची बाटली’ म्हणून मिळते ती यापैकी कोणतीही असू शकते, म्हणून खोक्यावर बोरोसिलिकेट लिहिले आहे का ते वाचावे. तशी असली तरी फ्रिजमधली बाटली थेट उकळत्या पाण्यात टाकू नये. गार पाण्यात सगळे भाग बुडवून गॅस लावावा, भांड्याच्या तळाशी सुती फडके घालावे म्हणजे उकळताना बाटल्या आदळत नाहीत, आणि गॅस बंद केल्यावर बाटली पाण्यातच कोमट होऊ द्यावी.

काचेची जागा प्लास्टिकने घेतली ती फुटण्याच्या भीतीने. पॉलिकार्बोनेट 1953 मध्ये सापडले होते. काचेसारखे पारदर्शक आणि पडले तरी न फुटणारे, त्यामुळे पुढे कित्येक वर्षे बाटल्या त्याच्याच होत. ते बिस्फेनॉल ए पासून बनते, आणि गरम पाण्यात या रसायनाचा थोडा अंश सुटतो. सिनसिनाटी विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले की उकळते पाणी भरल्यावर ते सुटण्याचा वेग 15 ते 55 पटींनी वाढतो. त्याच वर्षी कॅनडाने बंदीचा इरादा जाहीर केला, 2011 मध्ये युरोपीय संघाने अशा बाटल्या बाजारातून काढल्या, 2012 मध्ये अमेरिकेने. भारतीय मानक आयएस 14625 मध्ये 2015 साली हाच बदल आला. आपल्याकडे दूधबाटलीच्या जाहिरातीवर तर 1992 च्या कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे माहिती मिळते ती खोक्यावरच्या मजकुरातून आणि दुकानदाराच्या तोंडून.

पॉलिकार्बोनेटची रिकामी जागा पॉलिप्रॉपिलीनने भरली. बाटलीच्या तळाला त्रिकोणात 5 आकडा किंवा पीपी ही अक्षरे दिसतात. बिस्फेनॉल ए त्यात लागत नाही. ते 160 अंशांच्या आसपास वितळते, म्हणून उकळणे आणि वाफेचा स्टेरिलायझर दोन्ही त्याला चालतात. वजन हलके, किंमत कमी. मग 2020 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील गटाने ‘नेचर फूड’मध्ये मोजमाप छापले. या बाटल्यांतून लिटरमागे 1 कोटी 60 लाखांपर्यंत सूक्ष्म प्लास्टिक कण सुटत होते, आणि पाणी जितके गरम तितके कण जास्त. या कणांनी बाळाला नेमके काय होते, हे त्या मोजमापातून कळत नाही. पण उष्णतेने कण वाढतात एवढे त्यातून स्पष्ट आहे.

इथे दोन सल्ले एकमेकांच्या आड येतात. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यातले क्रोनोबॅक्टर जंतू मरावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना पाणी 70 अंशांच्या खाली नको म्हणते. नेमक्या त्याच पाण्याने बाटली कण सोडते.

वाट साधी आहे, ट्रिनिटीच्या संशोधकांनीच सुचवलेली: दूध बाटलीत कालवायचेच नाही. समजा नवजात बाळाला 60 मिलीलीटर दूध द्यायचे आहे. स्टीलच्या भांड्यात पाणी उकळून गार करावे आणि निर्जंतुक केलेली बाटली त्या पाण्याने तीनदा विसळून घ्यावी. दुसऱ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळावे, गॅस बंद करावा आणि फार वेळ न दवडता वापरावे, कारण लिटरभर पाणी अर्धा तास पुरेसे गरम राहते, पण कपभर पाणी त्याच्या कितीतरी आधी 70 च्या खाली जाते. उकळून घेतलेल्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात 60 मिलीलीटर पाणी मोजावे, डब्यावर लिहिलेले चमचे पावडर सपाट करून घालावेत (बऱ्याच डब्यांवर 30 मिलीलीटरला एक चमचा असतो, पण आपल्या डब्याचे वाचावे) आणि निर्जंतुक चमच्याने ढवळावे. भांडे गार पाण्याच्या परातीत धरून दूध कोमट करावे आणि मगच बाटलीत ओतावे. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून तो गरम लागत नाही ना, ते पाहावे. उरलेले दूध दोन तासांनंतर ठेवू नये.

काचेच्या बाटलीत हा सगळा द्राविडी प्राणायाम लागत नाही. मात्र ती गरम राहते आणि हाताला बाहेरून कळणारे तापमान आतल्या दुधापेक्षा वेगळे असू शकते, म्हणून मनगटाची चाचणी तिथेही हवीच. चोखणी तर तिचीही बहुतेक वेळा सिलिकॉनचीच असते.

सिलिकॉनची बाटली या तिघींत सर्वांत नवी. ती 200 अंश सहज सोसते, पडली तरी फुटत नाही आणि गरम पाण्याने तिचा आकार बिघडत नाही. पण 2021 मध्ये वाफेने वारंवार निर्जंतुक केलेल्या सिलिकॉनच्या चोखण्यांतूनही सूक्ष्म कण सुटताना दिसले, म्हणून ‘प्लास्टिकमुक्त’ हा शब्द पाहून निश्चिंत होऊ नये. रोज जाणवणारी कटकट वेगळीच. तिला तेलकट थर आणि भांड्याच्या साबणाचा वास चिकटतो. मऊ भिंत दाबली की दुधाची पातळी वर जाते, त्यामुळे मिलीलीटरची रेघ बाटली ओट्यावर ठेवून, हात न लावता वाचावी. पाजताना दाबली की दूध बाळाच्या तोंडात जोराने जाते, ठसका लागतो.

तिन्ही बाटल्या निकामी होण्याच्या खुणा वेगळ्या. पॉलिप्रॉपिलीन धुरकट पडते, आतल्या बाजूला ओरखडे येतात आणि त्या ओरखड्यांत दुधाचा थर बसतो. मग कितीही उकळा, ती टाकायचीच. सिलिकॉन कडेला, झाकणाचा आटा बसतो तिथे चिरते. काचेचा टवका बहुतेक वेळा तोंडाशी उडतो आणि दुधाने भरलेल्या बाटलीत दिसत नाही. रोज धुतल्यावर ती उजेडात धरून काठ नीट पाहावा, तारेचा ब्रश वापरू नये, आणि टवका दिसला की बाटलीत ओतून ठेवलेले दूधही फेकावे, गाळून घेऊ नये.