हाताने चालणारी पाणबुडी: हवा, खोली आणि दिशा

जुन्या पाणबुड्यांचा विषय निघाला, की पहिला प्रश्न हमखास हवेचा येतो. इंजिन नाही, वीज नाही, ऑक्सिजनच्या टाक्या नाहीत, मग आतला माणूस श्वास कसा घेत होता? प्रश्न रास्त आहे. मात्र पाण्याखाली हातांच्या बळावर नौका चालवणाऱ्यांना हवेने फारसे हैराण केले नव्हते. त्यांना खरे छळले ते एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीने, ती म्हणजे पाण्यात ठरावीक खोलीवर स्थिर राहणे. बुडणे सोपे, तरंगणे सोपे, पण मधे थांबणे फार अवघड असते. ते का अवघड असते, हे समजून घेण्यासाठी 1775 साली अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात डेव्हिड बुशनेल याने बांधलेली ‘टर्टल’, म्हणजे ‘कासव’, ही एका माणसाची पाणबुडी उत्तम उदाहरण आहे. बुशनेलने पुढे 1787 मध्ये थॉमस जेफरसन यांना लिहिलेल्या पत्रात तिच्या प्रत्येक भागाचे वर्णन केले असल्यामुळे आपल्याला अंदाजांवर विसंबावे लागत नाही.

कासवाच्या दोन पाठी एकमेकींना जोडाव्यात तसा तिचा आकार होता. आत एक माणूस ताठ बसू शकेल एवढीच जागा होती. हवेसाठी माथ्यावर पितळेच्या दोन नळ्या होत्या. नौका पृष्ठभागावर असताना एका नळीतून हाताने फिरवायच्या पंख्याने ताजी हवा खालच्या भागात आणली जाई आणि दुसऱ्या नळीतून आतली कोंदट हवा वरून बाहेर पडे. पाणी नळीच्या तोंडाजवळ आले, की तिची झडप आपोआप मिटे आणि नौका वर आली, की आपोआप उघडे. अंधारात दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात गुंतलेल्या माणसाला झडप मिटण्याची आठवण ठेवावी लागू नये, हा विचार त्यामागे होता.

नौका बुडाल्यानंतर मात्र आतली हवा तेवढीच. ती सुमारे अर्धा तास पुरत असे. आत मोकळी हवा साधारण एक घनमीटर, म्हणजे 1000 लिटर होती असे समजू. जोराने मेहनत करणारा माणूस मिनिटाला साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे अर्ध्या तासात 30 लिटर. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18 टक्क्यांच्या आसपास येतो. महाबळेश्वरला आपल्याला जेवढा ऑक्सिजन मिळतो, जवळपास तेवढाच हा आहे. त्याने कोणी गुदमरत नाही. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड मात्र जवळजवळ शून्यावरून तीन टक्क्यांवर गेलेला असतो. डोके दुखू लागते, धाप लागते, आणि धाप लागलेला माणूस हवा आणखी लवकर नासवतो. बंदिस्त जागेत आधी त्रास होतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे, तर आपण सोडलेला वायू साचल्यामुळे.

येथे एका लोकप्रिय कथेबद्दल सांगणे आवश्यक आहे. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने 1620 च्या सुमारास लंडनमध्ये थेम्स नदीत वल्ह्यांची पाणबुडी चालवली आणि सोरा तापवून आत ऑक्सिजन तयार केला, असे ठामपणे लिहिलेले आढळते. रॉबर्ट बॉइल यांनी ड्रेबेलनंतर कित्येक वर्षांनी हवा ताजी करणाऱ्या एका द्रवाची ऐकीव हकिकत नोंदवली, एवढाच लेखी आधार आहे. सोरा तापवल्यावर ऑक्सिजन निघतो हे खरे. पण म्हणून ड्रेबेलने ते केलेच, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. विज्ञानाच्या इतिहासात अशा चमत्कारांना पुरावा मागितलाच पाहिजे.

आता खोलीकडे वळू. वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनापेक्षा जास्त झाले की ती बुडते, हे आर्किमिडीजचे तत्त्व आपण शाळेत शिकतो. त्यावरून अनेकांची अशी समजूत होते, की थोडी जड वस्तू थोडी खाली जाईल आणि पुरेशी खाली गेली की थांबेल. तसे होत नाही. पाणी दाबाने जवळजवळ आक्रसत नाही, म्हणून दहा मीटर खालचे पाणी वरच्या पाण्याइतकेच घन असते. पाणबुडी एक किलोने जड असेल तर ती वरही एक किलोने जड असते आणि खालीही; मग ती थेट तळ गाठते. प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट असते. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, नौकेचे लाकडी कवच किंचित दबते, तिचे आकारमान घटते आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर कमी होतो. दोन घनमीटरच्या नौकेचे आकारमान हजारांशाने घटले तरी दोन किलोंचा आधार जातो. जितकी खाली जाल तितकी नौका जड होते, आणि वर येऊ लागली की हलकी होत जाते. पालथ्या वाटीच्या टोकावर गोटी ठेवावी तसा हा तोल आहे.

बुशनेलने हा तोल दोन टप्प्यांत सांभाळला. बुडायचे असेल तेव्हा चालक पायाने तळाची पितळी झडप दाबी आणि पाणी आत घेई. झडपेच्या तोंडावर भोके असलेला पत्रा होता, म्हणजे काडीकचरा अडकून झडप उघडी राहू नये. पाणी जास्त झाले तर दोन्ही हातांशी असलेल्या पितळी पंपांनी ते बाहेर ढकलायचे. असे करत करत नौकेचे वजन आणि पाण्याचा आधार जवळजवळ समान झाला, की माथ्याजवळचे उभे मळसूत्री वल्हे फिरवून वर किंवा खाली जायचे. म्हणजे ढोबळ काम पाण्याच्या वजनाने आणि बारीक काम मळसूत्राने. हाताने फिरवलेले मळसूत्र काही थोड्या किलोंचाच जोर देते, त्यामुळे पहिला टप्पा काळजीने साधला नाही तर दुसरा व्यर्थ ठरतो. सगळेच फसले तर तळाचे सुमारे 90 किलो शिसे दोरीने सोडून देण्याची सोय होती. ते सोडताच नौका वर उसळे.

खोली मोजण्याची युक्ती मला या साऱ्या नौकेत सर्वांत सुंदर वाटते. वरचे तोंड बंद असलेली, सुमारे 45 सेंटिमीटर लांबीची एक काचनळी आत उभी बसवलेली होती आणि तिचे खालचे तोंड बाहेरच्या पाण्याला जोडलेले होते. नौका खाली गेली, की पाणी नळीत चढून वरच्या हवेला दाबी आणि पाण्यावर तरंगणारा बुचाचा तुकडा वर सरके. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा बॉइलचा नियम. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणून एक मीटर खोलीवर बूच सुमारे चार सेंटिमीटर चढेल, पाच मीटरवर पंधरा आणि दहा मीटरवर साडेबावीस. पहिल्याच मीटरला चार सेंटिमीटर आणि पुढच्या प्रत्येक मीटरला त्याहून कमी, असे हे माप आहे. जहाजाच्या तळाखाली शिरताना काही मीटरांचाच हिशेब करायचा असतो, आणि नेमक्या त्याच पल्ल्यात ही नळी सर्वांत बारकाईने बोलते.

पण अंधारात बूच दिसणार कसे? मेणबत्ती लावली तर ती हवा खाणार. म्हणून त्या बुचावर आणि होकायंत्रावर चमकणारे कुजके लाकूड लावण्याचे ठरले. अशा लाकडातील बुरशी मंद हिरवट उजेड देते. पावसाळ्यात भीमाशंकर आणि आहुपेच्या जंगलात ओल्या ओंडक्यांवर दिसणारा उजेड याच जातीचा आहे. तो भुताखेतांचा नव्हे, बुरशीच्या पेशींमध्ये ऑक्सिजनच्या साहाय्याने चालणाऱ्या रासायनिक क्रियेचा असतो. जिवंत पेशींची क्रिया असल्यामुळे तिला थंडी मानवत नाही. 1775 च्या हिवाळ्यात दहिवर पडू लागताच उजेड विझला, असे बुशनेलच्या परिचयातील डॉ. बेंजामिन गेल यांच्या पत्रात नोंदलेले आहे.

6 सप्टेंबर 1776 च्या रात्री सार्जंट एझरा ली याने टर्टल न्यूयॉर्कच्या बंदरात ‘ईगल’ या ब्रिटिश युद्धनौकेकडे नेली. पुढे जाण्यासाठी हाताने फिरवायचे एक मळसूत्र आणि वळण्यासाठी मागे सुकाणू होते. पण ओहोटीच्या प्रवाहाने त्याला जहाजापलीकडे वाहून नेले आणि प्रवाह मंदावेपर्यंत त्याला अडीच तास हात मारावे लागले. शेवटी तो जहाजाखाली पोहोचला. माथ्यावरचा स्क्रू जहाजाच्या तळात बसवून त्याला बारूद अडकवायचे होते, पण स्क्रू शिरेना. तळावरच्या तांब्याच्या पत्र्याला दोष दिला जातो. स्वतः बुशनेलला वाटत होते, की स्क्रू सुकाणूच्या बिजागरीपासून गेलेल्या लोखंडी पट्टीवर लागला असावा. मला याहून मूलभूत कारण दिसते. भिंतीत गिरमिट घुसवताना आपण पाय जमिनीवर रोवून मागून जोर देतो. वजन आणि आधार समसमान झालेल्या नौकेला पाय रोवायला जागाच नसते; स्क्रू वर दाबला, की तेवढ्याच जोराने नौका खाली आणि बाजूला सरकते. जो तोल साधण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच येथे आड आला. ब्रिटिशांच्या नोंदींत या हल्ल्याचा उल्लेख सापडत नाही, पण ही अडचण कोणालाही पाण्यात तरंगत पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर जोर लावून पाहता येईल.

तोल आडव्या दिशेनेही बिघडू शकतो. विल्हेल्म बावर याने जर्मनीतील कील येथे बांधलेली ‘ब्रांडटाउखर’ ही लोखंडी पत्र्याची पाणबुडी दोन खलाशी चक्र फिरवून चालवत. पैसे वाचवण्यासाठी बुडताना घ्यायच्या पाण्याकरिता बंद टाक्या केल्या नव्हत्या. पाणी तळात मोकळेच साचे. 1 फेब्रुवारी 1851 रोजी नौकेचा मागचा भाग जरा खाली झुकला आणि मोकळे पाणी तिकडे धावले. त्या वजनाने ती आणखी झुकली, तेव्हा आणखी पाणी तिकडे गेले. परातीत पाणी घेऊन चालताना एक कड जरा खाली गेली, की काय होते ते आठवून पाहावे. पत्रा वाकला, पाणी घुसले आणि नौका बंदराच्या तळाशी जाऊन बसली.

झाकण उघडेना, कारण दहा मीटर खोलीवर अर्ध्या मीटर रुंदीच्या गोल झाकणावर बाहेरून दीड-दोन टनांचा भार असतो. बावरने सांगितले, की पाणी अडवायचे नाही, आत येऊ द्यायचे. खलाशांना ते वेडेपणाचे वाटले. परंतु बुशनेलच्या काचनळीत जे घडत होते तेच आता अख्ख्या नौकेत घडायचे होते: पाणी चढेल, वरची हवा दबेल आणि आतला दाब बाहेरच्याइतका होईल. हवा दबली, की तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा त्रासही तेवढ्या पटीने वाढतो, म्हणून ते तास फार जड गेले असणार. कित्येक तासांनी दाब समान झाला, झाकण उघडले आणि बाहेर उसळलेल्या हवेबरोबर तिघेही जिवंत वर आले. ती नौका 1887 मध्ये गाळातून काढण्यात आली. आज ती ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे.