कंटाळा आला म्हणून पाय चाटतो?

"आमचा कुत्रा एकच पाय चाटून चाटून सोलून काढतोय, सगळे म्हणतात बोअर होतो म्हणून, फिरायला जास्त नेलं की थांबेल ना?"

थांबेलच असं नाही. कंटाळा हे कारण असतं कधीकधी, पण ते सगळ्यात शेवटी धरायचं, आधी दुखणं आणि अ‍ॅलर्जी बघायची. आमच्या नऊ वर्षांच्या लॅबचंच सांगते, पुढच्या डाव्या पायाच्या मनगटावर रुपयाएवढा केस गेलेला, जाड, ओलसर लाल चट्टा, आणि आम्ही महिनाभर नुसते बॉल फेकत बसलो. मग डॉक्टरांनी तो सांधा वाकवून बघितला तर याने पाय झटकन मागे घेतला, एक्सरेत संधिवात निघाला, बरोबर चट्ट्याखालीच!

साधारण खूण अशी की एकाच जागी चाटत असेल तर खाली सांधा, जुनी इजा किंवा रुतलेलं कुसळ असू शकतं, आणि चारी पंजे चाटतोय, कानही खाजवतोय तर अ‍ॅलर्जीचा संशय जास्त. पक्कं मात्र तपासूनच कळतं.

आणि लाळेने जखम भरते हेही सोडा, उलट सतत ओली राहून कातडीत खोलवर इन्फेक्शन जातं, त्याने अजून खाज, म्हणून अजून चाटणं. त्यामुळे अँटिबायोटिक बरेचदा कित्येक आठवडे चालतं, वरून बरं दिसलं म्हणून मधेच बंद केलं की परत सुरू. गळ्यातल्या कोनने चाटणं थांबतं, पण मूळ कारण तसंच राहतं, कोन काढला की हा परत तिथेच. आणि माणसांची पेनकिलर अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी असतं.