फॉलोअप शीट (विमा व्यवसाय, बेळगाव सीमाभाग)

फॉलोअप शीट म्हणजे विमा एजंटाने आपल्याकडे आलेल्या चौकश्या आणि त्यांचा पाठपुरावा नोंदवण्यासाठी एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये ठेवलेला साधा तक्ता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे काम पूर्वापार डायरीत चालत आले आहे. डायरीत नोंद ज्या दिवशी बोलणे झाले त्या पानावर राहते. ज्या दिवशी पुन्हा फोन करायचा, त्या पानावर ती आपणहून जात नाही. शीटचा सगळा उपयोग एवढ्याच एका अडचणीवर आहे.

इथे स्वतंत्र एजंट म्हणजे पगारावर नसलेला, कमिशनवर काम करणारा माणूस. विमा एजंटांच्या नेमणुकीच्या २०१६ च्या नियमांनुसार त्याला एक जीवन विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी धरता येते. म्हणून ‘आपली कंपनी’ हा रकाना शीटमध्ये फारसा लागत नाही. गिऱ्हाइकाची सध्याची पॉलिसी कधी संपते, हा मात्र लागतोच.

रकाने आठ पुरतात: नाव, गाव, मोबाइल, कशासाठी, सध्याची मुदत, पुढची तारीख, स्थिती आणि शेवटचे बोलणे. माणूस ओळखायचा तो मोबाइल नंबरावरून. सीमाभागात एकच माणूस आरसीवर इंग्रजीत, उताऱ्यावर कन्नडमध्ये आणि आपल्या फोनमध्ये मराठीत असतो. नावावरून शोधले तर तोच माणूस तीन ओळींत सापडतो आणि त्याला एकाच आठवड्यात तीन फोन जातात.

आठांपैकी शीट चालवणारा रकाना एकच, ‘पुढची तारीख’. बंद न झालेल्या प्रत्येक ओळीत ती असलीच पाहिजे आणि ती खरी तारीख असली पाहिजे. ‘जत्रा झाल्यावर’, ‘पोरगा गोव्याहून आला की’ हे शब्द शेवटच्या बोलण्यात लिहावेत, तारखेच्या रकान्यात नाहीत. शब्दाचे तारखेत रूपांतर करणे हे एजंटाचे काम आहे.

याचा कस लागतो तो ऊस असलेल्या घरात. निपाणी-चिकोडीकडे आरोग्य विम्याचे बोलणे हमखास ‘बिल आलं की बघू’ इथे थांबते. नवखा एजंट ‘बिल आल्यावर’ असे लिहून मोकळा होतो आणि ती ओळ उन्हाळ्यापर्यंत तशीच पडून राहते. जुना एजंट तिथेच विचारतो, “काका, ऊस कधी गेला तुमचा?” समजा उत्तर आले, १० जानेवारी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. म्हणून पुढची तारीख २४ जानेवारी. बिले लांबतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण पहिल्या फोनला आधार म्हणून हा हिशोब चांगला. त्या दिवशी कळले की पैसे जमा झाले नाहीत, तर तीच तारीख खोडून ७ फेब्रुवारी करायची आणि शेवटच्या बोलण्यात ‘बिल नाही, सोसायटीचं कर्ज आधी वळतं होणार’ असे लिहायचे. पुढच्या फोनला याच ओळीचा उपयोग होतो, कारण कर्ज वळते झाल्यावर हातात किती राहील याचा अंदाज घेऊनच हप्त्याचा आकडा सांगायचा असतो. पॉलिसी फेब्रुवारीत सुरू झाली तर दर वर्षीचे नूतनीकरणही हंगामातच येते. जुलैत सुरू केलेली पॉलिसी दर पावसाळ्यात, हात आखडलेला असताना दारात उभी राहते.

गाडीच्या विम्यात तारीख आयतीच छापलेली असते, तरी चुकते. समजा हिंडलग्यातल्या एका कारची मुदत १८ मार्च २०२६ ला संपते आणि तिला ३५ टक्के नो क्लेम बोनस आहे. पहिला फोन महिनाभर आधी, १६ फेब्रुवारीला. गिऱ्हाईक म्हणाले, “पुढच्या आठवड्यात सांगतो”, की लगेच २३ फेब्रुवारी टाकायची. मुदत हुकली तर ओळ बंद करायची नाही. मुदतीनंतर ९० दिवसांत नूतनीकरण झाले तर बोनस टिकतो, म्हणजे इथे १६ जूनपर्यंत. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,००० रुपये धरला, तर ३५ टक्क्यांचे २,१०० रुपये त्या तारखेनंतर गेले. शिवाय मधल्या दिवसांत गाडीला संरक्षण नसते आणि नव्याने उतरवताना तपासणी लागते. हे गिऱ्हाइकाला १९ मार्चलाच सांगावे.

दुचाकीला मुदती दोन असतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेकदा एकच वर्षाचा असतो. मालक छातीठोकपणे सांगतो, “माझा पाच वर्षांचा आहे.” अशा गाडीच्या दोन ओळी कराव्यात. एका ओळीत दोन तारखा कोंबल्या की लवकरची हरवते.

आज कोणाला फोन करायचा हे एक सूत्र सांगते. पुढची तारीख F मध्ये आणि स्थिती G मध्ये असेल, तर दुसऱ्या ओळीपासून असे:

```
=IF(OR(A2="",G2="बंद"),"",IF(NOT(ISNUMBER(F2)),"तारीख?",IF(F2<=TODAY(),"आज","")))
```

मधला ISNUMBER अनावश्यक वाटतो, पण सगळी मदार त्यावरच आहे. १२.५.२६ अशी टिंबे देऊन टाकलेली तारीख शीट अनेकदा तारीख मानत नाही, नुसता मजकूर मानते. आणि तुलनेत मजकूर नेहमी आकड्यापेक्षा मोठा ठरतो, त्यामुळे ती ओळ ‘आज’ मध्ये कधीच येत नाही. काही चुकल्याचा इशाराही मिळत नाही, फोन फक्त राहून जातो. डोळ्यांना ओळखू येणारी खूण म्हणजे तारीख रकान्यात उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे चिकटतो. याहून फसवी चूक म्हणजे शीटची मांडणी अमेरिकन असणे: ५ डिसेंबरसाठी टाकलेले 5/12 हे तिथे १२ मे होते आणि सूत्राला त्यात काहीच वावगे दिसत नाही. गूगल शीट्समध्ये सेटिंग्जमधला लोकेल भारत केला की हे मिटते, पण आधीच उलटलेल्या तारखा हाताने सुधाराव्या लागतात.

पॉलिसी निघाल्यावर ओळ ‘बंद’ करण्याची घाई बरेच जण करतात. ते चूक. नवी मुदत टाकून पुढची तारीख तिच्या ३० दिवस आधीची ठेवावी. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याच्या जीवन विम्याला ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलतीची मुदत असते, म्हणून तिथे हप्त्याच्या तारखेनंतर दहाव्या दिवशी आणखी एक फोन लावता येतो. ‘बंद’ फक्त स्पष्ट नकाराला, आणि तेही कारण लिहून. ‘मेहुणा एजंट आहे’ आणि ‘हप्ता जड वाटला’ हे दोन वेगळे नकार आहेत. दुसऱ्याला पुढच्या हंगामात पुन्हा विचारता येते.

शीटमध्ये काय लिहू नये, हेही ठरवावे लागते. साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया ही माहिती प्रपोजल फॉर्मवर पूर्ण आणि खरी जायला हवी, पण फोनवर उघडी असलेल्या आणि पोराच्या हातात पडणाऱ्या शीटमध्ये तिचे काम नाही. तिथे ‘मेडिकल लागेल’ एवढे पुरते. आधार क्रमांकाचेही तसेच.