रिटेन्शन म्हणजे बिलातली सूट नव्हे

“बिलातून रिटेन्शन कापलं म्हणजे तेवढं बिल कमी झालं, मिळेल तेव्हा बघू.”

नाही. रिटेन्शन म्हणजे कामात दोष निघाल्यास हमी म्हणून ग्राहकाने कंत्राटदाराच्या बिलातून काही काळ रोखून ठेवलेली रक्कम. 10 लाखांच्या बिलातून 5 टक्के रोखले, तरी काम 10 लाखांचंच झालं. हातात साडेनऊ लाख आले, उरलेले 50 हजार ग्राहकाकडून येणे आहेत. ते ‘रिटेन्शन येणे’ अशा वेगळ्या खात्यात, देय तारखेसह टाका. सूट म्हणून लिहिले तर वसुलीची आठवण कुणालाच राहत नाही, आणि हेच सर्रास घडतं.

ही रक्कम दोषदायित्वाची मुदत, म्हणजे कामातले दोष तुम्ही स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ, संपल्यावर मिळते. ही मुदत सहसा बिलाच्या नव्हे, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याच्या तारखेपासून मोजतात, करारात तपासा. समजा, मुदतीत गळती निघाली, कळवूनही तुम्ही दुरुस्त केली नाही आणि ग्राहकाने 8 हजार खर्चून ती करून घेतली. तर करारानुसार तेवढेच वजा होतील. उरलेले 42 हजार मुदत संपताच लेखी मागा.