तो, बा, तारा, नारा: चारही 'तर'च, मग कुठे कुठला?

आमच्या जपानीच्या एन-फोर बॅचला दरवेळी इथेच गाडी अडते, म्हणून हे पत्रक. मराठीत आपण सगळीकडे 'तर' लावून मोकळे होतो, जपानीत तसं चालत नाही.

आधी तारा आणि नारा बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. जपानमधे दारू पिऊन गाडी चालवू नका सांगणारी एक फेमस घोषणा आहे: 'नोन्दारा नोरु ना, नोरु नारा नोमु ना'. प्यायलात तर चालवू नका, चालवणार असाल तर पिऊ नका. आता क्रम बघा. तारा लावलं की आधीचं काम उरकलेलं असतं, प्यायचं झालं, मग पुढचं. नारामधे काम अजून व्हायचंय, नुसतं ठरलंय किंवा समोरचा तसं म्हणालाय, आणि त्यावर आपण बोलतोय. म्हणून 'निहोन ए इत्तारा कामेरा ओ कात्ते कुदासाई' म्हटलं तर कॅमेरा जपानला पोचल्यावर घ्यायचा, आणि 'इकु नारा' म्हटलं तर जायच्या आधी इथूनच घेतला तरी चालतो. एका शब्दाने दुकान बदललं!

'तो' म्हणजे एक झालं की दुसरं आपोआप होणारच. रस्ता सांगताना हाच येतो: 'मास्सुगु इकु तो, मिगी नि गिन्को गा आरिमासु', सरळ गेलं की उजवीकडे बँक. पण 'तो' नंतर विनंती, हुकूम, आमंत्रण किंवा 'मी करणार आहे' असलं काही येत नाही, आणि पेपरात नेमकं हेच विचारतात. 'स्टेशनला पोचलास की फोन कर' हे वाक्य घ्या, मराठीतला 'की' बघून मुलं 'त्सुकु तो' लिहितात, ते चूक, 'त्सुइतारा देन्वा शिते कुदासाई' असंच पाहिजे. बा लावून 'त्सुकेबा' केलं तरी चूकच, कारण पोचणं ही कृती आहे आणि पुढे विनंती आहे. पण 'जिकान गा आरेबा किते कुदासाई', वेळ असेल तर ये, हे एकदम बरोबर, कारण वेळ 'असणं' ही स्थिती आहे. बा चा सगळा जोर अटीवर असतो, म्हणजे काय केलं तर जमेल ते सांगणं, म्हणूनच 'काय करू?' विचारताना 'दो सुरेबा ई देसु का' म्हणतात.

भूतकाळात मात्र आपली मराठी कामाला येते. 'खिडकी उघडून बघतो तर बाहेर बर्फ' यातला 'तर' म्हणजे अगदी तारा: 'मादो ओ आकेतारा, युकी गा फुत्ते इता'. इथे अट वगैरे काही नाही, नुसता अचानक लागलेला शोध. इथे 'तो' पण चालतो, जरा गोष्ट सांगितल्यासारखा वाटतो एवढंच, नारा मात्र अजिबात नाही.

परीक्षेत अडलात तर आधी वाक्याचं शेपूट बघा: कुदासाई, माशो किंवा ताई दिसलं की 'तो' लगेच खोडा.