उरुमी: कमरेला गुंडाळायची तलवार आणि ती इतक्या कमी लोकांना का जमली

उत्तर केरळात वडकऱ्याच्या भागाला पूर्वी कडत्तनाड म्हणायचे, तिथल्या 'वडक्कन पाट्टुकळ' म्हणजे उत्तरेकडच्या वीरगाण्यांत उण्णियार्चा नावाची पुत्तूरम घराण्यातली बाई येते. ती नवऱ्याला घेऊन अल्लिमलर काव नावाच्या देवस्थानात कूत्तू नावाचा नाट्यप्रयोग बघायला निघते, वाटेत नादापुरमच्या बाजारात माणसं तिला अडवतात, नवरा थरथरायला लागतो आणि ती कमरेची उरुमी सोडते. गाण्यातला इतिहास किती आणि रंगवलेलं किती हे सोडून देऊ, पण एक गोष्ट त्यात अगदी बरोबर आहे: एकटं माणूस, भोवती बरेच जण आणि फिरायला मोकळी जागा. हे हत्यार बनलंय ते अशाच वेळेसाठी.

उरुमीला चुट्टुवाळ पण म्हणतात, मल्याळममध्ये चुट्टु म्हणजे वेटोळं आणि वाळ म्हणजे तलवार. पोलादाची साधारण पाऊण ते एक इंच रुंद पट्टी, लांबी 4 ते साडेपाच फूट, दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं साधारण तेवढी, आणि मागे नेहमीच्या तलवारीसारखी मूठ. आपल्याकडच्या वाचकांना लगेच दांडपट्टा आठवेल, पण फरक मोठा आहे. पट्ट्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात जातो, मनगट बांधलं जातं आणि पातं हाताचाच पुढचा भाग होतं. उरुमीत मनगट पूर्ण मोकळं, आणि पुढची पट्टी हाताचं ऐकेलच असं नाही.

आधी पोलादाचं बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं. समजा कंबर 34 इंच, म्हणजे वेटोळ्याचा व्यास साधारण 27 सेंटीमीटर. पट्टी अर्ध्या मिलिमीटरची असेल तर तेवढी वाकवल्यावर तिच्या बाहेरच्या बाजूला जवळपास 0.18 टक्के ताण येतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण साधं मऊ लोखंड 0.12 टक्क्यांच्या आसपासच हार मानतं, ते कमरेवरून काढलं की वाकडंच राहणार. म्हणून इथे स्प्रिंगच्या जातीचं, पाणी देऊन कडक केलेलं पोलाद लागतं, जे सोडलं की परत सरळ होतं. आणि जाडी दुप्पट केली की ताणही दुप्पट, त्यामुळे लोहाराला फार जाड करता येत नाही आणि फार पातळ केली तर वाऱ्यानेच फडफडते.

आता ती फिरते कशी. उरुमी हातात नुसती धरली तर लोंबते, तिला तलवारीचा ताठपणा येतो तो फक्त वेगातून. डोक्यावर आडवी फिरवतोय, हात आणि पट्टी मिळून टोक खांद्यापासून 2 मीटरवर आहे असं धरा. सेकंदाला एक फेरा पडला तर टोकाचा वेग ताशी 45 किलोमीटर होतो आणि टोकाला बाहेर खेचणारा जोर त्याच्या वजनाच्या आठपट, पट्टी दोरीसारखी ताणून सरळ. फेऱ्याला 2 सेकंद लागले तर तोच जोर दुप्पटवर येतो आणि 3 सेकंद लागले तर वजनापेक्षाही कमी, म्हणजे पट्टी खाली यायला लागली, आणि खाली कोण आहे तर फिरवणारा स्वतः! थोडं दमलं, थोडा वेग उतरला की असं होतं, म्हणून उरुमीवाला थांबत नाही, डोक्यावरून, खांद्यापलीकडून, दोन्ही बाजूंनी आठाच्या आकड्यासारखे फेरे एकमेकांत ओवत जातो आणि पट्टीच्या मागोमाग अंग फिरवतो. दिशा बदलायची तर झटका देऊन चालत नाही, मोठ्या वळणाने न्यावं लागतं, कारण मूठ वळली तरी टोक थोडा वेळ जुन्याच वाटेने जात असतं.

त्यात आणखी एक अडचण म्हणजे पट्टी फक्त सपाट बाजूने सहज वाकते, धारेच्या बाजूने नाही. धार पुढे ठेवून फेरा गेला तर हवा कापली जाते, मनगट जरासं कललं की सपाट बाजू हवेवर आपटते, पट्टी पिळते, वेग मरतो. हे कानाला कळतं, स्वच्छ फेऱ्याचा आवाज बारीक सुसाट असतो आणि बिघडलेल्याचा फडफडाट.

लढाईत याचा फायदा ढालीपुढे दिसतो. सरळ तलवार ढालीवर आदळून थांबते, उरुमी ढालीच्या कडेवर आदळली की तिथून पुढचा भाग वाकून आत जातो, ढालीमागच्या खांद्यापर्यंत किंवा पाठीपर्यंत. पण तोटेही तितकेच खरे. तिने भोसकता येत नाही. समोरचा वार अडवता येत नाही, कारण अडवायला ताठ काहीतरी हवं. वार लागला की वेग गेला, पट्टी परत फिरवून ताणेपर्यंतचा तो क्षण उघडा, आणि समोरच्याला एवढं माहीत असेल तर तो एक फेरा ढालीवर घेऊन सरळ अंगावर येतो, जवळ आल्यावर लांब पट्टीचा उपयोग उरत नाही. शेजारी आपला माणूस उभा असेल तर ती फिरवायचीच नाही, त्यामुळे फौजेच्या रांगेत हिला जागा नव्हती, नायर सैनिकांचं रोजचं हत्यार तलवार-ढाल आणि भालाच होतं. माझ्या मते ती कमी लोकांकडे असण्याचं पहिलं कारण हेच, अवघड आहे हे नंतरचं.

अवघडपणा शिकवण्याच्या क्रमात दिसतो. कळरीत, म्हणजे केरळच्या या युद्धकलेच्या तालमीत, आधी मेय्त्तारी, म्हणजे नुसत्या अंगाचा सराव, पावलं, वळणं, खाली बसून उठणं. मग कोल्तारी, लाकडी काठ्या. मग अंगत्तारी, म्हणजे लोखंडी हत्यारं, आणि त्यातही उरुमी शेवटी. कारण बाकी हत्यारांत चूक झाली तर समोरच्याने ती पकडायची असते, इथे चूक आधी आपल्याच पोटरीवर, कानावर, पाठीवर येते. सवय लागायला आधी कापडाची पट्टी फिरवतात. आणि कळरीची जागा परंपरेने 42 फूट बाय 21 फूट, म्हणजे साडेपाच फुटी पट्टी नि हात धरून दोघं समोरासमोर आले की रुंदीला फारसं काही उरत नाही, एका वेळी एकच जोडी. दहा जणांना रांगेत उभं करून शिकवायची ही गोष्टच नाही.

त्यात मलबारातल्या पळश्शी राजाचं इंग्रजांविरुद्धचं बंड चालू असताना, 1804 च्या सुमारास इंग्रजांनी मलबारात हत्यारं बाळगण्यावर कडक बंदी आणली. अंगाचा सराव आणि मालीश-उपचार घराघरात गुपचूप टिकले, पण सुसाट आवाज करणारी पट्टी गुपचूप कुठे फिरवणार? नंतर कोट्टक्कल कणारन गुरुक्कळ आणि त्यांचे शिष्य सी. व्ही. नारायणन नायर यांनी विखुरलेलं गोळा केलं आणि 1920 च्या दशकापासून तलश्शेरीकडून कळरी परत लोकांसमोर आली. श्रीलंकेच्या अंगम्पोरा नावाच्या युद्धकलेत हीच कल्पना 'एतुनु कडुव' म्हणून आहे, तिथे एका मुठीला बऱ्याच पट्ट्या, 32 पर्यंत, आणि बहुतेक वेळा दोन्ही हातांत एकेक.

आज वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मांच्या कळरीत, ज्यांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली, उरुमी शिकवतात. प्रात्यक्षिकात दोघांना एकमेकांचा पुढचा फेरा माहीत असतो, टोक ढालीवर घासून ठिणग्या उडतात आणि बघणारे आधीच चार पावलं मागे सरकलेले असतात.